महेश्वरच्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना माहितीचा ईमेल: आधी काय ठरवावं, कोणत्या क्रमाने लिहावं

इंदूरच्या मराठी घरांतली काही लग्नं आता शहरातल्या हॉलऐवजी महेश्वरला, नर्मदेच्या काठी होतात. पुण्या-मुंबईचे, नाशिक-नागपूरचे पाहुणे दोन रात्री मुक्कामाला येतात. पत्रिका वेळेवर पोचते, पण प्रवासाची माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते. हॉटेलचं नाव वॉट्सअ‍ॅपवर, गाडीची वेळ फोनवर, कपड्यांचे रंग मेहुणीकडून. शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी यजमानांचा फोन खाली ठेवायची सोय राहत नाही.

हे टाळायला एकच नीट लिहिलेला ईमेल पुरतो. पण तो बसल्या बैठकीत लिहून होत नाही, कारण त्यातली निम्मी माहिती आधी पाहुण्यांकडूनच यावी लागते. खाली एक उदाहरण धरून सगळे टप्पे दिले आहेत. लग्नघर इंदूरच्या राजेंद्र नगरातलं, मुलीकडचं. मुलाकडचे पुण्याचे. लग्न शनिवार १३ फेब्रुवारी, गोरज मुहूर्त संध्याकाळी ६ वाजून २३ मिनिटं. मुक्काम १२ आणि १३ च्या रात्री, निरोप रविवारी १४ ला.

## टप्पा १: तिकिटं काढायच्या आधीचा छोटा ईमेल

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पुण्या-मुंबईहून रात्रीच्या गाडीने येणारे गुरुवारी ११ फेब्रुवारीला निघणार, म्हणजे त्यांची खिडकी १३ डिसेंबरला उघडते. परतीचं १४ फेब्रुवारीचं तिकीट १६ डिसेंबरला. म्हणून पहिला ईमेल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलाच पाहिजे. तोवर हॉटेलच्या खोल्या ठरल्या नसतील तरी हरकत नाही.

या ईमेलमध्ये चार-पाच ओळीच असाव्यात:

> लग्न महेश्वरला आहे (मध्य प्रदेश, खरगोन जिल्हा). महेश्वरला रेल्वे स्टेशन नाही, विमानतळही नाही.
> रेल्वेचं तिकीट इंदूर जंक्शनचं (INDB) काढा, विमानाचं इंदूरचं (IDR).
> शुक्रवार १२ फेब्रुवारीला दुपारी ४ च्या आत इंदूरला पोचाल असं बघा. परतीचं तिकीट रविवार १४ ला दुपारी २ नंतरचं काढा.
> इंदूर ते महेश्वर आणि परत, गाडीची व्यवस्था आमची.
> तिकीट झालं की याच ईमेलला उत्तर द्या: नावं, गाडी किंवा विमानाचा क्रमांक, पोचायची तारीख व वेळ, परतीची तारीख व वेळ.

स्टेशनचा कोड द्यायचं कारण आहे. इंदूरला येणाऱ्या काही गाड्या पुढे महूपर्यंत जातात, आणि त्या स्टेशनचं आजचं नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. नकाशात महू महेश्वरच्या वाटेवर दिसतं म्हणून एखादे काका हुशारीने तिथलं तिकीट काढतात, आणि तुमची गाडी त्यांची इंदूर स्टेशनबाहेर वाट बघत राहते.

राज्य आणि जिल्हा लिहायचं कारण आणखी साधं आहे. घाईत वाचणारा माणूस महेश्वरचं महाबळेश्वर करतो.

तपासा: या ईमेलमध्ये कपडे, जेवण, कार्यक्रम यांतलं काही शिरलं आहे का? असेल तर काढा. जास्त वाचायला दिलं की तिकिटाची ओळ मागे पडते.

## टप्पा २: आलेली उत्तरं तारीख-वेळेच्या क्रमाने लावा

उत्तरं आली की एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये उतरवा. कुटुंबाप्रमाणे नाही, इंदूरला पोचण्याच्या वेळेप्रमाणे. आत्याचं कुटुंब तिघांचं असलं तरी आत्या-मामंजी अवंतिका एक्सप्रेसने सकाळी आणि मुलगा दुपारी विमानाने येत असेल, तर त्या दोन वेगळ्या ओळी आहेत.

सगळ्यात फसवी वेळ मध्यरात्रीची. "१२ तारखेला रात्री १२:२५ ला उतरतो" असं पाहुणा लिहितो तेव्हा ती गुरुवारची रात्र की शुक्रवारची? तिकिटावर १२ तारीख असेल तर विमान गुरुवारी रात्री, शुक्रवार लागल्या लागल्या उतरतं, आणि हॉटेलची खोली तर शुक्रवारी दुपारपासून आहे. असा पाहुणा दिसला की फोन करून विचारा, "गुरुवारी रात्री जेवून विमानात बसणार ना?" आणि त्याची ती रात्र इंदूरला घरी किंवा जवळच्या हॉटेलात काढायची सोय करा.

## टप्पा ३: गाड्यांच्या फेऱ्या ठरवा, मगच लिहायला बसा

इंदूर ते महेश्वर सुमारे ९० किलोमीटर आहे. आग्रा-मुंबई महामार्गाने मानपूरचा घाट उतरून, गुजरी, धामणोद आणि तिथून महेश्वर. दोन ते अडीच तास लागतात. ईमेलमध्ये अडीचच लिहा. नकाशा कधी जाम घाटातून मंडलेश्वरकडे उतरणारा रस्ता सुचवतो. दृश्य सुंदर असलं तरी वळणं फार, आणि लहान मुलं व वयस्कर माणसं गाडीत असतील तर त्रास होतो. ड्रायव्हरला रस्ता तुम्हीच सांगून ठेवा.

आता माणसं मोजा. आपल्या उदाहरणात शुक्रवारी सकाळच्या गाड्यांनी स्टेशनवर १९ जण येतात. १७ सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर एक आणि एक कार, असा हिशेब कागदावर बसतो, पण लग्नाला येणाऱ्यांच्या बॅगा त्यात बसत नाहीत. सामानासकट टेम्पोत १२ आणि मोठ्या कारमध्ये ४ माणसं धरा. मग एक टेम्पो आणि दोन कार, म्हणजे २० जागा. एकच शिल्लक राहते, तेवढी पुरे.

फेऱ्या तीनच ठेवा: सकाळी १० ला स्टेशनवरून, दुपारी १ ला विमानतळावरून, संध्याकाळी ५ ला दोन्हीकडून. प्रत्येकाला "तुम्ही उतराल तेव्हा गाडी तयार असेल" असं कबूल केलं की ती कबुली पाळता येत नाही. फेरी सांगितली तर पाहुणा पोहे खाऊन निवांत थांबतो.

सावधान: गाडी किती वेळ थांबेल तेही ठरवा. रेल्वे उशिरा आली तर फेरी अर्धा तास थांबेल, त्यानंतर त्या पाहुण्यांनी पुढच्या फेरीने यायचं. हे ईमेलमध्ये लिहिलेलं नसेल, तर एका उशिरा आलेल्या गाडीपायी उरलेले पंधरा जण स्टेशनबाहेर दुपारपर्यंत बसतात.

### परतीचा हिशेब उलटा करा

परतीच्या वेळा पाहुण्यांवर सोडू नका. विमान सुटायच्या वेळेपासून मागे मोजत या. समजा विमान रविवारी २:१० चं आहे. विमानतळावर १२:१० ला पोचायचं. त्यातून रस्त्याचे अडीच तास काढले की ९:४०. घाटातल्या ट्रकांसाठी आणि बॅगा चढवायला अर्धा तास, म्हणजे ९:१०. या पाहुण्याची गाडी ९ ला निघते. ईमेलमध्ये फक्त "९ वाजता, हॉटेलच्या दारातून" एवढंच लिहा. आकडेमोड तुमच्यापाशी ठेवा.

### स्वतःच्या गाडीने येणारे

यांना सगळे विसरतात. नाशिक-धुळ्याकडून येणाऱ्यांनी इंदूरला जायचंच नाही. सेंधवा, जुलवानिया, ठीकरी, मग खलघाटचा नर्मदेवरचा पूल, आणि पुढे धामणोदला महामार्ग सोडला की महेश्वर जवळच आहे. ईमेलमध्ये नुसतं "इंदूरहून महेश्वर" असेल तर ते धामणोद मागे टाकून घाट चढून इंदूरला येतात आणि तोच घाट उतरून परत जातात. त्यांच्यासाठी वेगळी दोन ओळींची सूचना लिहा, आणि नकाशाची पिन हॉटेलच्या दाराची द्या. किल्ल्याची किंवा नदीच्या घाटाची पिन दिली तर गाडी जुन्या गावातल्या अरुंद गल्लीत अडकते.

## टप्पा ४: हॉटेलकडून या गोष्टी लेखी घ्या

फोनवर "हो हो, होऊन जाईल" म्हणणाऱ्या मॅनेजरच्या शब्दावर ईमेल लिहू नका. खोली किती वाजल्यापासून मिळेल आणि किती वाजता सोडायची, एका खोलीत किती जण, जादा गादीचे पैसे कोण देणार, नाश्ता किती ते किती, हे लिहून मागा.

नेहमीची अडचण अशी: सकाळी १० च्या फेरीतले पाहुणे साडेबाराला हॉटेलात पोचतात आणि खोल्या दुपारी २ ला मिळतात. रात्रभर रेल्वेत बसून आलेल्या आजींना दीड तास लॉबीत बसवणं बरं दिसत नाही. दोन-तीन खोल्या आदल्या रात्रीपासून घेऊन ठेवा, जिथे बायका-माणसांना हात-पाय धुता येतील, आणि जेवण साडेबारालाच सुरू करा. मग ईमेलमध्ये स्पष्ट लिहा: "आल्यावर आधी जेवण, खोल्या २ वाजता."

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, कुटुंबातल्या एकाचं नाही. मूळ कार्ड सोबत आणायला सांगा. आधारचे फोटो ग्रुपवर मागवू नका. हॉटेलला आधी हवेच असतील तर पाहुण्यांनी थेट हॉटेलला पाठवावेत. परदेशातून येणाऱ्यांना वेगळं कळवा. त्यांनी पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड आणायचं, कारण परदेशी नागरिकाची नोंद हॉटेलला २४ तासांत सरकारी पोर्टलवर करावी लागते.

## टप्पा ५: कपड्यांबद्दल लिहिताना

"पारंपरिक पोशाख" एवढं लिहून काहीच कळत नाही. ज्याने बॅग भरायची आहे त्याला प्रत्येक कार्यक्रमासाठी तीन गोष्टी हव्या असतात: काय घालायचं, सक्तीचं आहे की हौसेचं, आणि कुठे उभं राहायचं आहे.

तिसरी गोष्ट महेश्वरला फार महत्त्वाची. मंडप काठावर आणि घाटाला दगडी पायऱ्या. बारीक टाचेच्या चपला तिथे टिकत नाहीत. पाण्याजवळच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात. फेब्रुवारीत निमाडात दुपारी चांगलं ऊन असतं आणि सूर्य मावळला की नदीवरून गार वारा येतो. मुहूर्त सूर्यास्ताचा आहे, म्हणून शाल किंवा जाकीट आणायला सांगाच.

हळदीसाठी "पिवळं किंवा पांढरं, डाग पडला तरी चालेल असं". मुहूर्ताला "काठापदराची साडी किंवा नऊवारी, पुरुषांना कुर्ता-पायजमा किंवा धोतर. फेटे आम्ही बांधू, शनिवारी ४:३० ते ५:१५, हॉटेलच्या अंगणात". ही फेट्याची वेळ लिहिली नाही तर मुहूर्ताच्या ऐन वेळी वीस पुरुष फेटेवाल्याभोवती उभे असतात.

आणखी एक ओळ इथलीच. पुष्कळ बायकांना महेश्वरी साडी तिथेच घेऊन लग्नात नेसायची असते. साडी मिळेल, पण ब्लाउज शिवून मिळायला वेळ नसतो. "साडी इथे घ्यायची असेल तर जुळेल असा ब्लाउज शिवून आणा" एवढं आधी कळलं तर त्यांची हौस पुरी होते.

## टप्पा ६: आता मुख्य ईमेल लिहा

हा लग्नाच्या तीन आठवडे आधी जावा. क्रम पाहुण्याच्या प्रवासाचा ठेवा: स्टेशन, गाडी, हॉटेल, कार्यक्रम, कपडे, परतीचा प्रवास. यजमानांना मुहूर्तापासून सुरुवात करावीशी वाटते, पण पाहुणा हा ईमेल पहिल्यांदा उघडतो तो इंदूर स्टेशनच्या फलाटावर.

विषयाच्या ओळीत शोधता येतील असे शब्द घाला: "महेश्वर लग्न १२–१४ फेब्रुवारी: गाडी, हॉटेल, वेळा". "एक गोड बातमी" असा विषय दिला तर ऐन वेळी तो ईमेल सापडत नाही.

नमुना असा:

> ती. मामा-मामी,
>
> तुमची गाडी: शुक्रवार १२ फेब्रुवारी, सकाळी १०, इंदूर स्टेशनबाहेर. ड्रायव्हरच्या हातात वधू-वरांच्या नावाची पाटी असेल. ड्रायव्हरचा नंबर ११ तारखेला संध्याकाळी कळवू. रेल्वे अर्ध्या तासापेक्षा जास्त उशिरा आली तर स्टेशनवरून पुढची फेरी संध्याकाळी ५ ला आहे.
>
> हॉटेल: नाव, पत्ता, फोन, नकाशाची पिन. आल्यावर जेवण, खोल्या दुपारी २ पासून. खोली १२ आणि १३ च्या रात्रीसाठी आहे, खर्च आमचा. प्रत्येकाने मूळ ओळखपत्र आणावं.
>
> शुक्रवार १२: ५:३० मेहंदी. ८ वाजता सीमांतपूजन, मग जेवण. सगळं हॉटेलातच.
>
> शनिवार १३: ९:३० हळद, अंगणात. १२:३० जेवण. ५:३० ला हॉटेलच्या दारातून मंडपाकडे निघायचं. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी ई-रिक्षा आहेत. ६:२३ मुहूर्त. ८ वाजता जेवण.
>
> रविवार १४: ७:३० पासून नाश्ता. तुमची परतीची गाडी ११ वाजता, हॉटेलच्या दारातून. त्याआधी खोली सोडायची.
>
> कपडे: हळदीला पिवळं किंवा पांढरं. मुहूर्ताला पारंपरिक, फेटे ४:३० पासून बांधू. सपाट चपला आणि शाल आणा.
>
> अडचण आली तर: गाडीसाठी एक नंबर, खोलीसाठी एक नंबर. कृपया वधूच्या आई-वडिलांना फोन करू नका.
>
> ५ फेब्रुवारीपर्यंत एवढं कळवा: जेवणात काही पथ्य आहे का, आणि पायऱ्या उतरायला कुणाला त्रास आहे का.

तुमच्याकडे तीन फेऱ्या असतील तर ईमेलचे तीन प्रकार करा आणि प्रत्येकाला फक्त त्याची फेरी कळवा. सगळ्या फेऱ्यांचा तक्ता सगळ्यांना पाठवला की माणूस आपली ओळ सोडून शेजारची वाचतो. शिवाय तक्ता मोबाइलवर विस्कटतो. वर दिल्यासारख्या साध्या ओळी प्रत्येक फोनवर नीट दिसतात.

कार्यक्रमाची वेळ आणि निघायची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "६:२३ मुहूर्त" एवढंच दिलं तर अक्षता पडतात तेव्हा निम्मे लोक वाटेत असतात. मंडप लांब असेल तर निघायची वेळ आधी आणि मुहूर्त नंतर, याच क्रमाने लिहा.

दोन ओळी संकोचामुळे राहून जातात, त्या लिहाच. एक, महेश्वरमध्ये १ एप्रिल २०२५ पासून दारूबंदी आहे. दुकानं आणि बार बंद आहेत, कुणीही सोबत आणू नये. दुसरी, नर्मदेत वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आहे. पाणी सोडलं की पातळी वाढते, म्हणून मुलांना एकटं घाटावर पाठवू नका.

## टप्पा ७: पाठवण्याआधीची तपासणी

पत्रिका छापणाऱ्याकडून मजकूर घेतला असेल तर तो बहुधा जुन्या फॉण्टमध्ये असतो. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की समोरच्याला इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. तुमच्या संगणकावर फॉण्ट असल्याने तुम्हाला मात्र ठीक दिसत राहतं. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा.

मग तयारीत नसलेल्या एका काकूंना ईमेल पाठवा, फोनवर उघडायला सांगा आणि विचारा: तुमची गाडी किती वाजता आणि कुठून? शनिवारी मंडपाकडे किती वाजता निघायचं? खोली कधी मिळेल? अडचण आली तर कुणाला फोन करणार? एकाही उत्तरासाठी काकूंना वर-खाली शोधावं लागलं, तर ती ओळ बदला.

पाठवताना सगळे पत्ते Bcc मध्ये घाला. To किंवा Cc मध्ये घातले की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात, आणि "अभिनंदन!" ही उत्तरं साठ जणांच्या इनबॉक्समध्ये जातात. त्या गर्दीत पथ्याचं खरं उत्तर तुमच्याही नजरेतून सुटतं.

जे ईमेल बघतच नाहीत अशा वडीलधाऱ्यांसाठी तोच मजकूर एका पानाच्या पीडीएफमध्ये वॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि घरच्यांना छापून द्यायला सांगा. मजकूर तोच ठेवा. दोन ठिकाणी दोन वेळा दिसल्या की लोक दोन्हींवरचा विश्वास सोडतात.

## टप्पा ८: बदल झाला तर

बदल होतोच. हॉटेल मंडपाची जागा बदलतं, एखादी रेल्वे रद्द होते. अशा वेळी पूर्ण ईमेल दुरुस्त करून गुपचूप पुन्हा पाठवू नका, कारण लोक जुनाच उघडतात. नवा ईमेल पाठवा, विषयात "बदल" हा शब्द आणि तारीख आधी: "बदल ९ फेब्रुवारी: शनिवारी निघायची वेळ ५:१५". पहिल्या ओळीत जुनं काय होतं आणि नवं काय आहे तेवढंच. बाकी सगळं आधीसारखंच आहे, हे दुसऱ्या ओळीत.

गुरुवारी ११ ला संध्याकाळी, पाहुणे रेल्वेत बसायच्या आत, शेवटचा निरोप पाठवा: ड्रायव्हरचं नाव, नंबर, गाडीचा क्रमांक, आणि हॉटेलची पिन पुन्हा एकदा. यात दुसरं काही घालू नका. ज्यांच्याकडून रात्री १० पर्यंत "मिळालं" असं उत्तर आलेलं नाही, त्यांना घरातल्या एकाने फोन करायचा, आणि तो कोण ते आधीच ठरवून ठेवायचं.